मामा, तो लाल मेसेज राहणार

"होलसेलच्या ऑनलाइन फॉर्मवर कमीत कमी नगांची अट टाकली की गिऱ्हाईक पळतं. पॅकमध्ये न बसणारा आकडा आला तर सॉफ्टवेअरनं गुपचूप वरच्या पॅकवर न्यावा, मेसेज दाखवून डोकं खाऊ नये. प्रोग्रामरला जादा पैसेही देऊ नका, `min` आणि `step` टाकलं की सगळं आपोआप होतं."

सोलापुरातल्या टॉवेल-चादरवाल्यांच्या ग्रुपांवरून फिरत फिरत हे परवा माझ्या मामांकडे पोचलं. मामा अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टेरी टॉवेल उचलतात आणि बाहेरगावच्या दुकानदारांना देतात. त्यांचा ऑर्डर फॉर्म मी सांभाळतो. सकाळी सकाळी फोन आला, "अरे, ते लाल अक्षरातलं काढून टाक बरं."

काढणार नाही. 'गुपचूप' या सल्ल्याइतका महागात पडणारा सल्ला या धंद्यात दुसरा नसेल. हँड टॉवेलचंच घ्या. पॅक १२ नगांचा, कमीत कमी ऑर्डर ३० नगांची. लॉजवाल्यानं ५० लिहिले, फॉर्मनं न बोलता ६० केले. पार्सल सुटलं, बिल ६० चं. तो म्हणणार मी ५० मागितले, आणि त्याचं खरंच आहे. आता दहा नग परत मागवा, क्रेडिट नोट काढा, बिल्टीचं भाडं कुणी भरायचं त्यावर वाद घाला.

पण हे तरी बिलावर दिसतं. खरा घोळ डझनाचा. आपल्याकडे बरेच दुकानदार टॉवेल डझनात मोजतात. एखादा पाच डझन हवेत म्हणून नुसते ५ लिहितो. फॉर्म समजतो पाच नग, आणि गुपचूप ३६ वर नेऊन ठेवतो. तो ६० ची वाट बघत बसतो, तेही लग्नसराईत. ५ हा आकडा चुकीचा आहे एवढंच तिथल्या तिथे सांगितलं असतं तर चूक जागीच सापडली असती. म्हणून आमचा मेसेज असा आहे: "५ नग चालणार नाहीत. हा टॉवेल १२ च्या पॅकमध्ये येतो, कमीत कमी ३६ नग (३ पॅक). ५ डझन म्हणायचं असेल तर ६० लिहा." ५० लिहिणाऱ्याला खाली दोन बटणं दिसतात, '४८ करा' आणि '६० करा'. त्यानं लिहिलेला आकडा पुसायचा नाही आणि मेसेज त्याच ओळीशी दाखवायचा. चाळीस ओळींच्या फॉर्मवर माथ्यावर "काही आकडे चुकीचे आहेत" असं लिहून कुणाचं भलं होत नाही.

आता ते 'आपोआप'. `min` म्हणजे चौकोनात चालणारा कमीत कमी आकडा, `step` म्हणजे तिथून पुढे कितीच्या पायरीनं जायचं ते. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं हे स्वतः कधी चालवून बघितलेलं दिसत नाही.

```html
<input type="number" min="30" step="12">
```

यात ३६ टाकून बघा. पूर्ण तीन पॅक, तरी ब्राउझर अडवतो आणि सांगतो की जवळचे योग्य आकडे ३० आणि ४२. म्हणजे अडीच पॅक चालतील, तीन चालणार नाहीत! ब्राउझर बिघडलेला नाही. एचटीएमएलच्या अधिकृत स्टँडर्डमध्येच नियम आहे की `min` दिलेला असेल तर पायऱ्या शून्यापासून नाही, त्या `min` पासून मोजायच्या. ३०, ४२, ५४, असं. त्यामुळे तिथे १२ च्या पटीतला पुढचा आकडा, म्हणजे `min="36"` लिहावा लागतो. उद्या मामांनी अट ४० ची केली तर ४८. शिवाय नको असलेल्या मालापुढे कुणी ० लिहिला तर तोही अडतो, रिकामा चौकोन मात्र चालतो. शून्याला मुभा आपणच द्यायची.

गिऱ्हाईक पळतं, यात थोडं तथ्य आहे, मान्य. अट प्रत्येक रंगावर लावली तर चाटी गल्लीतल्या छोट्या दुकानदारालासुद्धा तीन रंगांसाठी १०८ नग घ्यावे लागतील. तो पळणारच. पॅक रंगागणिक ठेवा, कारण गठ्ठा फोडायचा नाही. पण ३० ची अट त्या डिझाइनच्या एकूण नगांवर लावा. मग तीन रंगांचा एकेक पॅक मिळून ३६ होतात आणि ऑर्डर बसते. हा हिशेब एकेका चौकोनातल्या `min` ला जमत नाही, वेगळा लिहावा लागतो. आणि अट दराशेजारीच दिसू द्या, सगळं भरून झाल्यावर शेवटी नाही.

शेवटचं, ही तपासणी सर्व्हरवरही हवी. 'मागचीच ऑर्डर पुन्हा' हे बटण जुना आकडा उचलून आणतं. मधल्या काळात कारखान्यानं पॅक १२ चा १० केला असेल तर जुने ३६ आता बसत नाहीत, आणि त्या वाटेनं ऑर्डर आली की चौकोनातला नियम कुणी विचारतसुद्धा नाही. तिथे मेसेज हवा: "पॅक आता १० चा झाला आहे. ३० की ४०?"