ठोक्यांचा कोटा, चिचुंद्री आणि आमचे मामा

"देवाने प्रत्येक जीवाला १०० कोटी ठोके मोजून दिले आहेत. चिचुंद्री सतत भीतीत जगते, तिचे हृदय मिनिटाला हजार वेळा धडधडते, म्हणून ती दोन वर्षांत मरते. देवमासा समुद्रात ध्यानस्थ असतो, त्याचे ठोके फक्त ८, म्हणून तो शंभर वर्षे जगतो. चालणे, जिने चढणे म्हणजे ठोके उधळणे. शांत बसा, ठोके वाचवा. पुढे पाठवा."

हा मेसेज मला याआधी तीनदा आला होता आणि तिन्ही वेळा मी तो पुसून टाकला. या खेपेला मेसेज नाही, मामींचा फोन आला. मामांनी सकाळचं संभाजी तलावाला जाणं बंद केलंय. वय ६८, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलेलं. आता मामा झोपाळ्यावर बसून ठोके वाचवतायत आणि दूध आणायला मामी तीन मजले उतरतात. त्यांच्या ठोक्यांचं काय, ते मेसेजमध्ये लिहिलेलं नाही.

मामा, आधी कोट्याचा हिशेब करू. तुम्ही आयुष्यभर वह्या लिहिल्यात, हा तर सोपा आहे. मिनिटाला ७० ठोके धरा. तासाला ४,२००, दिवसाला एक लाखाच्या थोडे वर, वर्षाला सुमारे ३ कोटी ६८ लाख. म्हणजे १०० कोटी संपतात २७ वर्षं आणि दोन-तीन महिन्यांत. तुमचं लग्न सत्ताविसाव्या वर्षी झालं. वरात निघाली तेव्हाच तुमचा कोटा संपत आला होता, आणि नंतरची एकेचाळीस वर्षं तुम्ही उधारीवर जगताय. आजवर तुमचे अडीचशे कोटी ठोके झालेत. हा मेसेज ज्याने लिहिला आणि ज्यांनी पुढे ढकलला, त्यातल्या तिशी ओलांडलेल्या कुणालाही तो लागू होत नाही.

आता जे खरं आहे ते नाइलाजाने मान्य करतो. सस्तन प्राण्यांची आयुष्यं आणि ठोके यांचा गुणाकार केला, तर बऱ्याच जणांचं उत्तर शंभर कोटींच्या आसपास घुटमळतं. पण ही सरासरी आहे, वाटप नव्हे. लहान प्राण्यांचं सगळंच जलद असतं: श्वास, पचन, वाढ, पिल्लं आणि मरणही. मोठ्यांचं सगळंच सावकाश. एक घटतं आणि दुसरं त्याच प्रमाणात वाढतं, म्हणून गुणाकार जवळपास तोच येतो. यावरून कुणी आतून ठोके मोजतंय असं म्हणणं म्हणजे सोलापुरात जास्त छत्र्या उघडल्या तर जास्त पाऊस पडेल म्हणण्यासारखं आहे.

मग चिचुंद्रीचं हृदय इतकं का धावतं? भीतीने नाही. मेसेजमधला हजाराचा आकडाही आपल्या मोरीत कुईं करत फिरणाऱ्या चिचुंद्रीचा नाही. तो तिच्या सगळ्यात लहान नातलगाचा, एट्रुस्कन चिचुंद्रीचा. वजन दोन ग्रॅम, एक रुपयाच्या नाण्याहून हलकी. १९९६ साली 'जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल बायॉलॉजी'मध्ये तिच्या ठोक्यांची मोजणी छापून आली: निवांत असताना सरासरी ८३५, जास्तीत जास्त १,५११. म्हणजे सेकंदाला पंचवीस. एका ठोक्याला सेकंदाचा पंचविसावा भाग मिळतो आणि तेवढ्यात हृदयाला भरायचंही असतं, रिकामंही व्हायचं असतं. तिला कुणी घाबरवलं नाही, तरी तिची सरासरी आठशेच्या वरच भरते.

कारण असं. दोन ग्रॅमच्या जिवाला आतल्या ऐवजाच्या मानाने बाहेरची कातडी फार मोठी असते. तव्यावरून उतरवलेली अख्खी भाकरी बराच वेळ ऊब धरते, तिचा तुकडा मोडून ताटात टाकला की लगेच गार होतो. तसंच हे. उष्णता सतत निसटते, म्हणून आतली चूल मोठी ठेवावी लागते. तिच्या शरीराच्या एका ग्रॅमला मामांच्या एका ग्रॅमच्या कितीतरी पट ऊर्जा लागते. नुसत्या कातडीच्या हिशेबाने सगळे आकडे जुळत नाहीत, रक्तवाहिन्यांच्या फाट्यांची रचनाही त्यात येते असं काही शास्त्रज्ञ म्हणतात आणि तो वाद अजून मिटलेला नाही. पण ग्रॅममागची भूक लहान प्राण्यात जास्त, याबद्दल वाद नाही.

खरी गंमत पुढे आहे. भूक कितीतरी पट, मग हृदयही तितकेच पट मोठं असावं की नाही? ते शक्य नाही, छातीत तेवढी जागाच नसते. बहुतेक सस्तन प्राण्यांत हृदय शरीराच्या अर्धा-पाऊण टक्का वजनाचंच असतं, मग तो उंदीर असो की बैल. या चिचुंद्रीने फार ताणून ते सव्वा टक्क्याजवळ नेलंय, तेवढंच. रक्ताच्या एका थेंबात मावणारा प्राणवायूही सगळ्यांकडे साधारण सारखाच. आपल्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी येतं तेव्हाचं आठवा. घागर घरच्या मापाची, ती काही वाढत नाही. माणसं तहानलेली असली की खेपा वाढवायच्या. हृदयाची एक खेप म्हणजे एक ठोका. घागर मोठी करता येत नाही, म्हणून चिचुंद्री खेपा वाढवते.

खेपा किती वाढतात याचा एक ठोकताळा आहे, आणि मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तो तपासता येतो. दोन प्राण्यांची वजनं घ्या, भागाकार करा, उत्तराचं वर्गमूळ काढा, मग त्या वर्गमुळाचं पुन्हा वर्गमूळ. सत्तर किलोचा माणूस दोन ग्रॅमच्या चिचुंद्रीच्या ३५,००० पट. वर्गमूळ १८७, त्याचं वर्गमूळ साधारण १३.७. माणसाचे ७० ठोके गुणिले १३.७ म्हणजे सुमारे ९६०. मोजलेले ८३५. वजनात पस्तीस हजार पटींचा फरक असताना इतकं जवळ येणं वाईट नाही. आपली घरातली पन्नास ग्रॅमची चिचुंद्री या हिशेबाने सव्वाचारशेच्या घरात बसते.

आता उलट्या दिशेने जाऊ. सत्तर टनांचा निळा देवमासा माणसाच्या बरोबर हजारपट. वर्गमूळ ३१.६, त्याचं वर्गमूळ ५.६. सत्तर भागिले ५.६ म्हणजे साडेबारा. एवढ्या अवाढव्य देहात ग्रॅममागची भूक कमी, उष्णता निसटायला जागा कमी आणि घागर प्रचंड, म्हणून खेपा थोड्या. ध्यानबिन काही नाही.

आणि ते "फक्त ८"? नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात जेरेमी गोल्डबोगेन आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. त्याआधी जिवंत, मोकळ्या निळ्या देवमाशाचे ठोके कुणी नोंदवलेच नव्हते. कॅलिफोर्नियाजवळच्या मॉन्टेरे उपसागरात लांब काठीने त्याच्या अंगावर रबरी चोषकांचं यंत्र चिकटवलं. ते घसरत डाव्या पंखाजवळ जाऊन बसलं आणि साडेआठ तास हृदयाचे विद्युत संकेत टिपत राहिलं. खोल बुडी मारल्यावर ठोके साधारण चार ते आठ, मधूनच दोनपर्यंत खाली. वर येऊन श्वास घेताना पंचवीस ते सदतीस. म्हणजे मेसेजवाल्याने बुडीतला आकडा उचलला आणि पृष्ठभागावरचा सोडून दिला.

त्या देवमाशाचं हृदय बुडीत मंदावतं ते प्राणवायू पुरवून वापरण्यासाठी. वर आला की थकबाकी फेडायला ते जवळजवळ कमाल वेगाने पळतं. सदतीसच्या फार पुढे जाताच येत नाही, कारण एवढ्या मोठ्या हृदयाचा एक ठोका पूर्ण व्हायला दीड-पावणेदोन सेकंद लागतात. दोन ठोक्यांमधल्या लांब फटीत रक्त थांबत नाही, कारण हृदयातून निघणारी महारोहिणी आधी फुगते आणि मग हळूहळू आकसत रक्त पुढे ढकलत राहते. म्हणजे ज्याच्या नावाने मामांना झोपाळ्यावर बसवलंय, तो देवमासा रोज ठोके "उधळतो", आणि तरी ऐंशी-नव्वद वर्षं जगतो.

राहिलं चालणं, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. मेसेजचाच कोटा क्षणभर खरा धरू. न चालता मामांचे ठोके मिनिटाला ७२ राहिले, तर दिवसाचे १,०३,६८०. आता समजा पाऊण तास चालले आणि त्या वेळात ठोके ११० झाले: ४,९५०. नियमित चालण्याने काही महिन्यांत बसल्या जागचे ठोके उतरतात. आपण ७२ चे ६८ झाले एवढंच धरू. उरलेल्या १,३९५ मिनिटांचे ९४,८६०. दोन्ही मिळून ९९,८१०. रोज जवळपास ३,९०० ठोके शिल्लक पडले, चालूनसुद्धा! ठोके वाचवायचेच असतील तर झोपाळा हा तोट्याचा धंदा आहे.

मामांचा यावर जबाब तयार होता: "मग डॉक्टर ठोके कमी करायची गोळी का देतात?" प्रश्न चांगला आहे आणि यातली अर्धी बाजू मामांची. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत मिळतं. रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या माणसात ती विश्रांती लांबवली की स्नायूला जास्त रक्त मिळतं आणि मागणीही घटते. गोळी त्यासाठी आहे, कोटा पुरवायला नाही. चालण्यामुळेही बसल्या जागी हीच विश्रांती लांबते. म्हणून तेच डॉक्टर त्याच कागदावर गोळीखाली "रोज ४५ मिनिटे" लिहितात. मामांनी कागदाची वरची ओळ पाळली आणि खालची सोडली.

एक सूचना मात्र खरीच पाळायची. गोळी चालू असताना मनगटावरचा आकडा दाबलेला असतो, त्यावरून जोर किती पडतोय ते कळत नाही. चालताना मामींशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. छातीत दडपण, घाम किंवा डाव्या हातात कळ आली तर तिथेच थांबायचं आणि फोन करायचा, मला नाही, डॉक्टरांना.

हे सगळं मी काल रात्री मामांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी वर्गमुळाचं गणित दोनदा करून घेतलं, बैलाचे ठोके काढले, मग स्वतःचे मोजले. एकोणसत्तर भरले. आज सकाळी मामींचा फोन: तलावाला गेलेत, पण दूध अजून आलेलं नाही.