टीव्हीसाठी २.४ की ५: राउटरमधलं २.४ बंद करायला सांगणाऱ्यांना उत्तर

"सर्वांनी लक्ष द्या. टीव्ही नेहमी 5G वायफायलाच जोडा. २.४ जुनं झालं, राउटरमध्ये जाऊन ते कायमचं बंद करा म्हणजे सगळा स्पीड ५ ला मिळेल. ५ ची रेंजही जास्त आणि रेडिएशन कमी. बफरिंग शंभर टक्के जाईल. पुढे पाठवा."

मुलुंडला राहणाऱ्या माझ्या आत्याने हा फिरता संदेश वाचला आणि शेजारच्या मुलाकडून २.४ बंद करून घेतलं. चार दिवसांनी तिचा फोन आला. "अरे, टीव्ही मेला दर पाच मिनिटांनी गोल गोल फिरत बसतो, आणि दारावरचा कॅमेराही दिसेनासा झालाय." आत्या एकटी राहते. बेल वाजली की आधी मोबाइलवर कोण आलंय ते बघायचं आणि मगच दार उघडायचं, ही सवय आम्हीच तिला लावली. ते चार दिवस ती न बघता दार उघडत होती.

म्हणून आधी याच मुद्द्यावर बोलतो. राउटर वायफाय देतो ते दोन पट्ट्यांवर, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. घरातले बरेचसे छोटे कॅमेरे, स्मार्ट प्लग, दिवे यांच्यात फक्त २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय असतं. स्वस्त आणि जुन्या काही टीव्हींचंही तसंच. २.४ बंद केलं की त्यांना जोडायला काही उरतच नाही. बरं, त्या बदल्यात ५ ला काही मिळतं का? नाही. राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांचे रेडिओ वेगळे असतात. बाहेरून येणारी फायबरची लाइन एकच, ती दोघांना सामाईक. आत्याचा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे. २.४ बंद केल्याने तो १०१ चा होत नाही, आणि भिंतीपलीकडे ५ ची ताकदही वाढत नाही.

रेंजचा दावा तर सरळ उलटा आहे. राउटर आणि अँटेना सारख्याच ताकदीचे धरले, तर मोकळ्या जागेतही तेवढ्याच अंतरावर ५ चा सिग्नल २.४ च्या साधारण पाचव्या हिश्शाइतका उरतो. त्यात भिंती आल्या की ५ आणखी लवकर गळतो. आपल्याकडे फायबरची तार जिन्यातल्या डक्टमधून येते, त्यामुळे राउटर बहुतेकदा मुख्य दारापाशीच लटकतो. आत्याकडे तो तिथेच आहे आणि टीव्ही आतल्या खोलीत. मधे विटांची भिंत, तिच्यात काँक्रीटचा कॉलम, आणि भिंतीला लागून लोखंडी कपाट. लोखंडाचा पत्रा लहरींना आरपार जाऊ देत नाही, त्या वळसा घालून, इकडेतिकडे आपटत पोचतात. वर टीव्हीचा वायफायचा भाग बहुधा मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून असतो. त्यामुळे टीव्हीसमोर मोबाइल धरून मोजलेला स्पीड टीव्हीला मिळतोच असं समजू नका.

मोजायचं ते टीव्हीवरच. यूट्यूबवर कुठलाही व्हिडिओ लावा, सेटिंगच्या चाकात जाऊन `Stats for nerds` चालू करा. तिथे `Connection Speed` दिसतो आणि `Buffer Health` मध्ये पुढचे किती सेकंद साठवून ठेवलेत ते दिसतं. हा दुसरा आकडा बघत बसा. साठा हळूहळू घटत शून्याला येत असेल तर मिळणारा वेग कमी पडतोय. वेग चांगला दिसत असताना मधेच शून्य होतो आणि साठा भरायचाच थांबतो, असं असेल तर जोडणी तुटतेय.

किती वेग पुरेसा याचा आकडा नेटफ्लिक्सने स्वतःच्या मदतीच्या पानावर दिलेला आहे: फुल एचडीला ५ एमबीपीएस, ४के ला १५. या दोन आकड्यांपुढे 'सगळा स्पीड ५ ला'च्या गप्पा टिकत नाहीत. टीव्हीला ३०० मिळाले तरी तो १५ च्या आसपासच वापरणार. टीव्हीला हवा तो न तुटणारा वेग.

आत्याच्या टीव्हीवर ५ चा वेग ६ ते ९ एमबीपीएसमध्ये वरखाली होत होता, आणि अधूनमधून जोडणीच जायची. साठा ४० सेकंदांवरून एकदम रिकामा. मग २.४ परत चालू केलं. दुपारी २४ मिळाले. रात्री साडेनऊला तेच ११ वर आले.

इथे मात्र त्या संदेशातलं अर्धं खरं मान्य करावं लागेल. २.४ च्या पट्टीत एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. मुंबईच्या इमारतीत खालीवर, आजूबाजूला राउटरच राउटर. आत्याच्या खोलीत माझ्या मोबाइलला २७ नावं दिसली. एका चॅनेलवर असलेले सगळे आळीपाळीने बोलतात, त्यामुळे रात्री सगळे टीव्ही लागले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी वेळ येतो. मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही त्याच पट्टीत लुडबुडतात. ५ मध्ये चॅनेल जास्त आणि रुंद असतात, शिवाय शेजाऱ्याचा ५ भिंतींमुळे आपल्यापर्यंत फारसा पोचत नाही. म्हणून राउटर आणि टीव्ही एकाच खोलीत असतील, तर ५ च लावा, मी वादही घालणार नाही. पण 'नेहमी' हा शब्द त्यात घुसडला की आत्यासारख्यांची वाट लागते.

आत्याकडे काय केलं ते सांगतो. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं दिली, कारण नाव एकच असलं तर कुठली पट्टी पकडायची ते टीव्हीच ठरवतो. टीव्हीवर ५ चं नाव विसरायला लावलं. २.४ ची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झवर आणली. रुंद चॅनेल गर्दीच्या इमारतीत शेजाऱ्यांच्या आणखी चॅनेलवर जाऊन बसतो आणि उलट त्रासच होतो. १ आणि ६ वर जास्त गर्दी दिसली म्हणून चॅनेल ११ ठेवला. राउटर कपाटाच्या रेषेतून दोन फूट बाजूला सरकवला. आता रात्री १३-१४ मिळतात. म्हणजे ४के मिळत नाही, ते आम्ही सोडलं. चित्र फुल एचडीवर येतं, पण थांबत नाही. ४३ इंची टीव्ही पलंगावरून आठ फुटांवर आहे, आत्याला फरक दिसला नाही.

उरलेले मुद्दे थोडक्यात. राउटरच्या नावापुढचं `_5G` म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. मोबाइलच्या पाचव्या पिढीशी त्याचा काही संबंध नाही. रेडिएशनचं म्हणाल तर दोन्ही रेडिओलहरीच आहेत, राउटरची ताकद वॅटच्या अंशात असते, आणि रेणू तोडण्याइतकी ऊर्जा दोन्हींत नाही.

रात्रीही ४के हवंच असेल, तर २.४ आणि ५ दोन्ही सोडून राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅन केबल ओढा. बऱ्याच टीव्हींचं लॅनचं पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, पण लागतात ते १५. आत्याकडे चौकटीवरून केबल न्यायला १२ मीटर लागेल असं मोजून ठेवलंय, गणपतीत घरी गेलो की टाकतो.