टी चालू असताना रक्त दिसलं म्हणून डोस वाढवू नका

“टी सुरू केलं की पाळी कायमची बंद, मूल राहूच शकत नाही. मधेच रक्त दिसलं तर डोस कमी पडतोय, लगेच एक जास्तीचं इंजेक्शन घ्या. थांबलेलं रक्त आत साठून कॅन्सर होतो.”

माझा धाकटा मावसभाऊ ट्रान्स पुरुष आहे आणि टी, म्हणजे टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतो. त्याने हा फॉरवर्ड मला पाठवला, तोवर जास्तीचं इंजेक्शन आणूनही ठेवलं होतं. फॉरवर्ड करणाऱ्यांचं काय जातं!

कॅन्सरचं आधी उरकतो. आत साठायला रक्त असतं कुठे? टेस्टोस्टेरॉनमुळे मेंदूकडून बीजकोशांना जाणारे संप्रेरकांचे संदेश मंदावतात आणि गर्भाशयाचं अस्तर बहुतेकांत पातळच राहतं. जाड झालं नाही तर गळणार काय? टीमुळे गर्भाशयाचा कॅन्सर वाढतो असं आजवर दिसलेलं नाही.

डोसची गोष्ट अर्धी खरी आहे, आणि म्हणूनच जास्त घातक. संप्रेरकतज्ज्ञांच्या एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाळी थांबायला १ ते ६ महिने लागतात, त्यामुळे तिसऱ्या महिन्यात रक्त दिसणं हा बिघाड नाही. पण भावाची पाळी थांबून वर्ष झालं होतं. तो दर तीन आठवड्यांनी २५० मिलिग्रॅम घ्यायचा आणि डाग दिसायचे ते नेमके पुढच्या इंजेक्शनच्या आधीच्या दोन-चार दिवसांत. इंजेक्शननंतर पातळी झपाट्याने चढते आणि मग उतरत जाते. दोन इंजेक्शनांच्या मधोमध रक्त तपासलं तर ती ४०० ते ७०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असावी, असं त्याच सूचना सांगतात. त्याची मधली पातळी ठीक निघाली, शेवटची खूप खाली. अशा वेळी जास्तीचं इंजेक्शन म्हणजे खड्डा तसाच ठेवून टेकडी उंच करणं. वर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, वाढून रक्त दाट होण्याचा धोका. डॉक्टरांनी डोस वाढवला नाही, तोच विभागून दर आठवड्याला दिला. डाग थांबले.

डोस वेळेवर, पातळी नीट, तरीही रक्त? मग कारण दुसरीकडे शोधायचं: पॉलिप, फायब्रॉइड, जंतुसंसर्ग, गर्भाशयमुखाची तक्रार. कधी अति पातळ झालेलं अस्तरच झिरपतं, तेव्हा डॉक्टर प्रोजेस्टोजेन या संप्रेरकाची गोळी जोडतात.

आणि गर्भ राहू शकतो! पाळी बंद असतानाही अधूनमधून बीज सुटतं, टी हे गर्भनिरोधक नाही. शुक्राणूंचा संबंध येण्याजोगा शरीरसंबंध झाला असेल तर रक्त दिसल्यावर पहिली तपासणी गर्भधारणेची, कारण टेस्टोस्टेरॉन गर्भाला अपायकारक असतं. तांबी बसवता येते, तिने टीला बाधा येत नाही.

योनीमार्गातून होणाऱ्या सोनोग्राफीच्या धास्तीने कितीतरी जण तपासणीच टाळतात. ती आधी पोटावरून करा, असं सांगता येतं. मात्र तासाभरात पॅड भिजत असेल, चक्कर किंवा ओटीपोटात तीव्र कळ असेल तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट इस्पितळ गाठा.