विध्यर्थातल्या शुभेच्छा

माझे मामा तेहतीस वर्षे शाळेत मराठी व्याकरण शिकवत होते आणि निवृत्त झाल्यापासून, वर्ग हाताशी नसल्यामुळे, नातेवाइकांना शिकवतात. त्यांना वाढदिवसाचे पत्र पाठवले तर वाढदिवस झाल्यावर ते तांबड्या खुणांसह परत येते. अशा माणसाला रुग्णालयात असताना चार ओळींच्या शुभेच्छा लिहिण्याचे काम माझ्यावर आले, तेव्हा शस्त्रक्रिया त्यांची झाली आहे की माझी व्हायची आहे, असा प्रश्न मला काही काळ पडला होता.

मामांच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली होती. गाठीसह आतड्याचा थोडा भाग काढून तो तपासणीसाठी पाठवला होता आणि अहवाल यायला आठवडाभर लागणार होता. म्हणजे शस्त्रक्रिया नीट पार पडली हे खरे होते, आणि पुढे काय हे कोणालाच ठाऊक नव्हते हेही तितकेच खरे होते. या दोन खऱ्या गोष्टींच्या मधल्या अरुंद जागेत मला शुभेच्छा बसवायच्या होत्या.

आमच्या कुटुंबाच्या गटावर तोवर नातेवाइकांनी आपापली कर्तव्ये उरकली होती. सूर्योदयाची दोन चित्रे, तीन पुष्पगुच्छ आणि जोडलेल्या हातांची एक लांबलचक रांग तिथे जमली होती. जोडलेले हात हे आमच्या घराण्यात अभिनंदन, आभार, क्षमायाचना आणि दुखवटा या चारही प्रसंगी वापरले जातात, त्यामुळे रुग्णाने त्यातून नेमका कोणता अर्थ घ्यायचा हे त्याच्या मनःस्थितीवर सोडलेले असते. आपण निदान शब्दांत लिहावे, अशा निश्चयाने मी ‘भावपूर्ण’ एवढे टंकले, आणि माझ्या फोनने पुढचा शब्द तत्परतेने सुचवला : ‘श्रद्धांजली’. मी तो शब्द निवडला नाही, परंतु बोट त्याच्यापासून किती जवळ होते हे आठवले की अजूनही घाम फुटतो.

घाबरून मी मग सगळ्यात सुरक्षित वाटणारे वाक्य पाठवून दिले : ‘मामा, लवकर बरे व्हा! तुम्ही वाघ आहात!’

अर्ध्या तासाने मामींचा फोन आला. “वाघाला अजून गॅस पास झालेला नाही,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर सकाळ-संध्याकाळ तेवढं एकच विचारताहेत. आणि हे विचारताहेत की ‘व्हा’ हा आज्ञार्थ कशासाठी? मी काय हौसेनं पडून राहिलोय?”

ज्यांनी पोटाची शस्त्रक्रिया जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, की हा प्रश्न विनोदासाठी विचारला जात नाही. भूल दिल्यामुळे आणि आतड्यांना हात लागल्यामुळे ती काही काळ संपावर जातात. ती पुन्हा कामावर रुजू झाली आहेत, याच्या काही साध्या खुणांपैकी ही एक खूण. त्या दिवसांत रुग्णाचे शौर्य, इच्छाशक्ती वा व्याकरणावरील प्रभुत्व यांपैकी कशाचाही उपयोग नसतो. तासन्‌तास ज्याच्या एका वायूची सगळा मजला वाट पाहत आहे, त्या माणसाला वाघ म्हणणे ही स्तुती राहत नाही. ती त्याच्याकडून ठेवलेली एक जादा अपेक्षा होते. वाघाला कण्हताही येत नाही.

आज्ञार्थ बाद झाल्यावर मी भविष्यकाळाकडे वळलो. ‘तुम्ही लवकरच ठणठणीत व्हाल, सगळे ठीक होईल,’ असे लिहिले आणि पाठवण्यापूर्वी, अनुभवाने शहाणा होऊन, बायकोला दाखवले. तिने एकच शब्द विचारला : “कशावरून?” माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्या डॉक्टरांनी गाठ प्रत्यक्ष हाताळली होती ते अहवालाची वाट पाहत होते, आणि मी मात्र चाळीस मैलांवरच्या खुर्चीत बसून निकाल जाहीर करत होतो. खरी अडचण त्याहून पुढची होती. असे वाक्य वाचल्यावर रुग्णाला ‘हो हो, होणारच’ असे म्हणावे लागते. म्हणजे भीती त्याची, आणि धीर त्याने आपल्याला द्यायचा. मामांनी तेहतीस वर्षे मुलांना धीर दिला होता. या आठवड्यात तरी त्यांना सुट्टी हवी होती.

भूतकाळ त्याहून घातक निघाला. ‘माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनाही असेच झाले होते, आता ते रोज फिरायला जातात,’ हे वाक्य कानाला फार आश्वासक वाटते. पण ज्याची शंका जागी आहे असा रुग्ण लगेच विचारतो, की ओळखीचे दुसरे कोणी नव्हते का. आणि दुसरे कोणी असतेच. वर्तमानकाळही टिकला नाही, कारण वर्तमानकाळात आपण हटकून प्रश्न विचारतो : कसे वाटते आहे, दुखते आहे का, झोप लागते आहे का? एका हाताला सलाईन आणि दुसऱ्या हाताच्या बोटाला चिमटा लावलेल्या माणसाने असल्या पंधरा जणांच्या पंधरा प्रश्नांची उत्तरे नाकाने टंकायची असतात की काय, हे विचारणाऱ्यांनी स्पष्ट करायला हवे.

राहता राहिले संकेतार्थी वाक्य : ‘काही लागले तर सांगा.’ हे वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा म्हटले आहे आणि त्यानंतर मला कोणीही काहीही सांगितलेले नाही, यावरून त्याच्या उपयुक्ततेची कल्पना यावी. काय लागते ते शोधायचे रुग्णाने, मग कोणाला सांगावे हे ठरवायचे रुग्णाने, आणि सांगताना संकोच वाटून घ्यायचा तोही रुग्णानेच. आपण फक्त ‘तर’ पुरवायचा.

काळ आणि अर्थ यांनी असा दगा दिल्यावर मी विनोदाचा आश्रय घेतला, आणि इथे मी सगळ्यात मोठी चूक केली. मामांना श्वासाच्या व्यायामासाठी तीन चेंडूंचे प्लास्टिकचे यंत्र दिले होते. पोटावर टाके असले की माणूस दुखेल या भीतीने उथळ श्वास घेतो, फुप्फुसांचा खालचा भाग नीट फुगत नाही आणि तिथे संसर्ग होण्याची भीती असते. म्हणून नळीतून सावकाश श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचे आणि काही क्षण तसेच धरायचे, असे दर तासाला दहा वेळा करायचे असते. मामांचा एकच चेंडू वर जात होता. त्यावर मी त्यांच्या जुन्या वर्गातल्या शेवटच्या बाकाचा संदर्भ घेऊन एक विनोद रचला. वर्गात एकच मुलगा उठून उभा राहतो आणि उरलेले दोघे, मास्तर कितीही ओढोत, जागचे हलत नाहीत, असा काहीसा तो होता. तो चांगला होता. मला अजूनही तो चांगला वाटतो.

मामींचा फोन या वेळी पाच मिनिटांत आला. “ते हसले,” त्या म्हणाल्या, आणि माझी छाती फुगण्यापूर्वीच पुढे म्हणाल्या, “आणि मग उशी पोटाशी धरून दहा मिनिटं डोळे मिटून पडले होते. तुझे विनोद टाके निघाल्यावर पाठव.” खोकताना आणि हसताना पोटाचे स्नायू आवळतात आणि टाके ताणले जातात, म्हणून जखमेवर उशी दाबून धरायला सांगतात, हे मला तेव्हा कळले. माझ्या लेखनाने कोणाला प्रत्यक्ष वेदना झाल्याची ही पहिलीच अधिकृत नोंद होती. टाके निघायला दहा-बारा दिवस होते. तोवर मला मोठ्याने हसवणारे काही चालणार नव्हते; ओठ थोडे हलतील एवढ्याच मापाचे हवे होते.

फोन ठेवता ठेवता मामींनी एक गोष्ट सांगितली. मामा म्हणत होते, की रात्री नर्स येऊन त्यांना उठवते आणि झोप लागली का असे विचारते. हे ऐकून मला एकदम मोकळे वाटले. रुग्णाच्या शरीरावर विनोद करण्याचा अधिकार आपल्याला नसतो, परंतु त्याने स्वतः केलेला विनोद मात्र आपण बेधडक परत करू शकतो.

आणि मग मला विध्यर्थ आठवला. मामांनीच तो मला शिकवला होता, ‘मुलांनी नियमित अभ्यास करावा’ या उदाहरणाने, त्यामुळे मी तो आजवर उपदेशाच्या खात्यात टाकला होता. पण त्याच आख्यातात इच्छाही येते : झोप लागावी, दुखू नये. त्यात हुकूम नाही, भाकीत नाही, आणि उत्तराची अपेक्षाही नाही. आपल्या हातात काही नाही हे ते क्रियापद स्वतःच कबूल करते. फक्त इच्छेचे माप लहान ठेवायला हवे. दीर्घायुष्य फार मोठे पडते. आजची रात्र पुरते.

तासाभराने, चार वेळा खोडून, मी हे पाठवले :

‘मामा, सा. न. तुम्ही आजारी आहात हे मला अजिबात आवडलेले नाही आणि त्यावर काय लिहावे ते दोन दिवस सुचले नाही. आज रात्री तुम्हाला सलग चार तास झोप लागावी, आणि झोप लागली का हे विचारायला कोणी उठवू नये. उद्या दुसऱ्या चेंडूनेही वर जावे. तिसऱ्याची घाई नाही. अहवालाची वाट पाहणे परिक्षेच्या निकालापेक्षा अवघड असणार. मीही वाट पाहतो आहे. गुरुवारी दुपारी चार ते सात मी तुमच्या पलंगाशेजारी बसेन. त्या वेळात मामींनी घरी जाऊन झोपावे. आपण बोलायलाच हवे असे नाही. याला उत्तर पाठवू नये.’

त्या रात्री मामींचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत काही नव्हते, आणि मी मनातल्या मनात उशी, टाके आणि ‘निकाल’ हा शब्द यांच्याभोवती घिरट्या घालत होतो. संध्याकाळी मामांच्या फोनवरून संदेश आला. एका हाताने टंकलेला असावा, कारण एरवी ते एवढे थोडक्यात आटोपत नाहीत.

‘विध्यर्थ बरोबर. “परीक्षा” : री दीर्घ. दुसरा चेंडू उचलला. गॅस पास. अहवाल शुक्रवारी आहे, तेव्हा गुरुवारऐवजी शुक्रवारी यावे.’