औषधाच्या पत्रकातला डोस पत्रकातून उतरवू नका

औषधाच्या खोक्यातल्या पत्रकाचा फोटो काढायचा, मोबाइलने त्यातला मजकूर उचलायचा आणि घरच्यांसाठी सोप्या मराठीत डोस, इशारे, दुष्परिणाम, साठवण असे चार भाग करायचे. असे कागद आजकाल बऱ्याच ग्रुपवर फिरतात. कल्पना चांगली आहे, पण गडबड होते ती बहुतेक वेळा पहिल्याच भागात. म्हणून एकच औषध घेऊन लिहितो: लहान मुलांना सर्रास दिलं जाणारं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनिक ॲसिडचं ड्राय सिरप, 5 मिलीत 228.5 मिग्रॅ असलेलं.

आधी फोटो. पत्रकाचा कागद इतका पातळ असतो की मागच्या बाजूची अक्षरं पुढे उमटतात. त्यामुळे खाली काळा कागद किंवा गडद कापड ठेवा, मागची छपाई बरीच दबते. घड्या हाताने सपाट करा, खिडकीचा उजेड बाजूने घ्या, फ्लॅश नको. अख्खं पत्रक एका फोटोत कोंबू नका. मजकूर दोन-तीन रकान्यांत असतो आणि मोबाइल सरळ आडवा वाचत जातो. मग डाव्या रकान्यातला डोस उजवीकडच्या भलत्याच वाक्याला जाऊन चिकटतो. एका रकान्याचा एक फोटो, आणि पुढच्या फोटोत आधीच्या दोन ओळी परत येऊ द्या. फोटो मोठा करून दशांश चिन्ह स्पष्ट दिसतंय का, एवढं बघा. ते दिसत नसेल तर फोटो परत काढा.

मजकूर निघाला की प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून बघायचा, आणि तो डोळ्यांनीच. 28.5 चं 285 होतं, ≥ हे चिन्ह गायब होतं. शब्द चुकला तर वाक्य विचित्र वाटतं आणि आपण थबकतो. आकडा चुकला तरी वाक्य छान वाचता येतं, त्यामुळे चूक लक्षातच येत नाही.

आता डोस. आपल्याकडची बहुतेक पत्रकं डॉक्टरांसाठी लिहिलेली असतात, वर तसं छापलेलंही असतं. त्यामुळे त्यात तुमच्या मुलाचा डोस नसतो, हिशेबाचा नियम असतो. या औषधाचा नियम साधारण असा: अमॉक्सिसिलिन दिवसाला दर किलो वजनामागे 25 ते 45 मिग्रॅ, दोन वेळांत विभागून. 12 किलोच्या मुलाला खालच्या टोकाचा डोस धरू. 12 गुणिले 25 म्हणजे दिवसाला 300 मिग्रॅ, एका वेळेला 150. बाटलीतल्या 5 मिलीत अमॉक्सिसिलिन 200 मिग्रॅ असतं, उरलेलं 28.5 क्लॅव्ह्युलेनिक ॲसिड. म्हणजे एका वेळेला 3.75 मिली.

या एका ओळीत चुकायला दोन जागा आहेत. हिशेब 200 ऐवजी 228.5 वर केला तर उत्तर साधारण 3.3 मिली येतं, म्हणजे औषध कमी पडतं. आणि सोपं करण्याच्या नादात ‘दिवसाला, विभागून’ हे शब्द गळले, तर दर वेळेला 7.5 मिली जातं, म्हणजे सरळ दुप्पट. शिवाय 25 घ्यायचे की 45, हे आजार किती आणि कसला आहे त्यावर ठरतं. ते पत्रक वाचून ठरत नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे: डोसच्या भागात आकडा डॉक्टरांच्या चिठ्ठीतला, पद्धत पत्रकातली. वरचा हिशेब फक्त ताळ्यासाठी. त्यात आणि चिठ्ठीत मोठा फरक दिसला तर डॉक्टरांना फोन करा, आकडा स्वतः बदलू नका. पद्धत मात्र सविस्तर लिहा, कारण तिथे पत्रक खरंच उपयोगी पडतं. बाटली आपटून पावडर मोकळी करा. सोबत आलेलं पाणी किंवा उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेच्या थोडं खालपर्यंत घाला, जोरात हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. फेस असतानाच खूण गाठली असं वाटलं तर पाणी कमी पडतं आणि औषध दाट होतं. दर वेळी हलवून, जेवणाच्या सुरुवातीला द्या, पोटाला त्रास कमी होतो. घरातला चमचा नको, बिनसुईची सिरिंज घ्या. 5 मिलीच्या सिरिंजवर सहसा 0.2 च्या रेघा असतात, तिथे 3.75 सापडणार नाही. कुठल्या रेघेपर्यंत भरायचं ते केमिस्टलाच दाखवायला सांगा.

इशाऱ्यांत सोपं करताना अर्थ सांडतो. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर हे औषध द्यायचंच नाही. याच औषधाने पूर्वी कावीळ झाली असेल तरी द्यायचं नाही. पण यकृताचा दुसरा आजार असेल तर जपून, डॉक्टरांना सांगून. ‘लिव्हरचा त्रास असल्यास काळजी घ्या’ अशा एका वाक्यात हे दोन्ही घातलं की पक्की मनाई नुसती सूचना होऊन बसते. त्यामुळे ‘देऊच नका’ आणि ‘आधी विचारा’ वेगळे लिहा.

दुष्परिणाम पत्रकात अवयवांनुसार लावलेले असतात: पोट, त्वचा, यकृत. रात्री दोन वाजता मुलाच्या अंगावर पुरळ बघणाऱ्या आईला त्या क्रमाचा उपयोग नाही. काय करायचं, त्यानुसार लावा. चेहरा किंवा ओठ सुजणं, श्वास लागणं, अंगावर फोड येऊन कातडी सुटणं: औषध थांबवा, लगेच दवाखाना. शौचात रक्त, पिवळे डोळे, गडद लघवी: त्याच दिवशी डॉक्टर. हे कावीळीचं लक्षण औषध संपल्यावर काही आठवड्यांनीही दिसू शकतं, ते मुद्दाम लिहा. किंचित पातळ शी, मळमळ: बऱ्याच मुलांना होते, पाणी पाजत राहा. दातांवर डाग क्वचित पडतात, ते सहसा घासून जातात.

साठवणीत एकाच बाटलीला दोन आयुष्यं असतात. पावडर असेपर्यंत कोरड्या जागी, 25 अंशांखाली, छापलेल्या तारखेपर्यंत. पाणी घातलं की ती तारीख संपली. मग फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांवर, फ्रीझरमध्ये नाही, आणि आपल्याकडच्या पत्रकांत सहसा 7 दिवस. आपल्या पत्रकात जे दिवस असतील ते लिहा आणि पाणी घातल्याची तारीख बाटलीवर पेनाने टाका. आता वरचाच हिशेब पुढे न्या: दिवसाला 7.5 मिली, बाटली 30 मिलीची, म्हणजे चार दिवस. चिठ्ठीत पाच दिवस असतील तर दुसरी बाटली लागेल. पण पहिली संपेपर्यंत दुसरीत पाणी घालू नका.

कागदाच्या डोक्यावर नुसतं ब्रँडचं नाव पुरत नाही. मुलाचं नाव, त्या दिवशीचं वजन आणि ‘5 मिलीत 228.5’ हे ठळक लिहा. हेच औषध 5 मिलीत 457 असंही मिळतं, खोकं जवळपास तसंच. त्यात अमॉक्सिसिलिन 400 मिग्रॅ असतं. जुना कागद पाहून त्यातून 3.75 मिली दिलं तर डोस दुप्पट होतो.