‘तथापि’ची पेरणी

‘लेखन मुद्देसूद करायची सोपी युक्ती: प्रत्येक वाक्य जोडशब्दाने सुरू करा. म्हणून, त्यामुळे, तथापि, शिवाय, तसेच. जितके जास्त, तितका तर्क स्पष्ट. एकच शब्द पुन्हा येऊ देऊ नका, समानार्थी शब्द आलटून पालटून वापरा: ‘म्हणून’ऐवजी ‘त्यामुळे’, ‘मात्र’ऐवजी ‘तथापि’. आणि ‘पण’, ‘आणि’ यांनी वाक्याची सुरुवात कधीच करू नका.’

हा मजकूर मला या महिन्यात तिसऱ्यांदा आला, एकदा तर एका दहावीच्या मुलीच्या आईकडून. म्हटलं, आता उत्तर लिहूनच टाकावं.

आधी आलटून पालटून वापरण्याचं बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याने होतं. आपण शाळेत उभयान्वयी अव्ययं तक्त्यातून शिकलो. न्यूनत्वबोधक: पण, परंतु, परी, किंतु. परिणामबोधक: म्हणून, यास्तव, सबब, तस्मात. एका ओळीत बसलेले शब्द एकमेकांच्या जागी चालतात, असा समज तिथूनच रुजत असावा. पण त्याच तक्त्यात ‘म्हणून’ तीन ओळींत सापडतो, हे आपण पाठ करताना बघत नाही. ‘पाऊस आला म्हणून सामना थांबला’ इथे तो परिणाम दाखवतो. ‘चांगले गुण मिळावेत म्हणून तिने क्लास लावला’ इथे हेतू. ‘सखाराम म्हणून एक गडी होता’ इथे तर नुसती ओळख. आता तिन्ही ठिकाणी ‘त्यामुळे’ घालून बघा. पहिलं वाक्य उभं राहतं. दुसरं लंगडतं: ‘चांगले गुण मिळावेत, त्यामुळे तिने क्लास लावला.’ गुण अजून मिळायचेत, मग ते क्लासचं कारण कसे होतील? तिसऱ्याबद्दल बोलायलाच नको.

याहून बारीक चूक अनुमानात होते. सकाळी दार उघडलं, अंगण ओलं दिसलं. ‘अंगण ओलं आहे, त्यामुळे रात्री पाऊस पडला’ असं लिहिलं तर ओल्या अंगणाने पाऊस पाडला असा अर्थ होतो. घडण्याचा क्रम पावसाकडून अंगणाकडे आहे, कळण्याचा क्रम अंगणाकडून पावसाकडे. ‘त्यामुळे’ घडण्याचा क्रम सांगतो. कळण्याचा सांगायचा तर मराठीत ‘म्हणजे’ आहे: ‘अंगण ओलं आहे, म्हणजे रात्री पाऊस पडला असणार.’ जरा ठसक्यात हवं असेल तर ‘ज्या अर्थी अंगण ओलं आहे, त्या अर्थी...’ ही जोडी आहेच. सरकारी अधिसूचनांनी ती इतकी वापरली की आपल्याला आता तिच्यात शिक्क्याचाच वास येतो, पण ती मुळात चांगली, कामाची जोडी आहे.

‘मात्र’ऐवजी ‘तथापि’ घालायचं म्हणता? ‘मात्र’ची निम्मी ताकद त्याच्या जागेत आहे. ‘वीज दिवसभर बंद राहील, पाणी मात्र सकाळी येईल.’ इथे विजेसमोर पाणी उभं केलंय. ‘दिवसभर पाणी नाही, सकाळी मात्र येईल.’ इथे दिवसभरासमोर सकाळ. म्हणजे ज्या शब्दाला वेगळं काढायचं, त्याच्या पाठीला ‘मात्र’ चिकटतो. ‘तथापि’ला हे जमत नाही, तो वाक्याच्या दारात उभा राहून सबंध वाक्याला विरोधात टाकतो. बातम्यांमध्ये हल्ली ‘मात्र’लाही तसंच दारात उभं करतात. त्याला चूक म्हणणार नाही, पण नेमका विरोध कशाचा कशाला, हे मग वाचकाला शोधावं लागतं.

‘पण’ने वाक्य सुरू करू नये, या नियमाला फार वेळ देत नाही. उभयान्वयी अव्यय दोन वाक्यं जोडतं. मध्ये पूर्णविराम आला म्हणून ते जोडायचं थांबत नाही. वर मीच एकदा ‘पण’ने वाक्य सुरू केलंय, तुम्ही अडखळला नसाल.

राहिला ‘जितके जास्त तितके बरे’ हा मुद्दा. ‘त्याने छत्री नेली नाही. तो भिजला.’ इथे काही घालायची गरज नाही. दोन वाक्यं शेजारी आली की कार्यकारण वाचक स्वतःच जोडतो. आता ‘त्याने छत्री नेली होती. तो भिजला.’ इथे मात्र पाय अडतो. ‘तरीही तो भिजला’ म्हटलं की वाट मोकळी. वाचकाची अपेक्षा उलटवायची असते तिथे जोडशब्द लागतोच, सरळ पुढे जायचं असतं तिथे बहुतेक वेळा लागत नाही. शिवाय मराठी क्रियापदाच्या पोटातच कितीतरी सांधे असतात: ‘छत्री नेऊनही भिजला’, ‘न नेल्यामुळे भिजला’. तिथे वेगळा जोडशब्द कशाला?

गेल्या महिन्यात शेजारचे काका सोसायटीला द्यायचा अर्ज तपासायला घेऊन आले. त्यांनी हा मजकूर वाचून तो मन लावून लिहिला होता:

‘आपली इमारत १९९४ साली बांधलेली आहे. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात गच्चीचे वॉटरप्रूफिंग केले. तसेच या पावसाळ्यात वरच्या दोन घरांत पाणी आले. तथापि ठेकेदाराने पाच वर्षांची हमी दिली आहे. म्हणून समितीने नवीन वर्गणी काढली आहे. शिवाय ती देण्यास आमचा विरोध आहे.’

पाच जोडशब्द, आणि एकही जागेवर नाही. मी काकांना प्रत्येक शब्दाचा अर्थ उलगडून विचारत गेले. ‘तसेच’ म्हणजे आणखी एक तशीच गोष्ट. मग वॉटरप्रूफिंग करणं आणि पाणी येणं एका जातीचं का? नाही, काम करूनही पाणी आलं, हीच तर तक्रार. तिथे ‘तरीही’ बसला. ‘म्हणून वर्गणी काढली’: हमी आहे म्हणून? काका हसले. हमी असताना वर्गणी काढली, भांडण तेच आहे. ‘शिवाय’ आधीच्या मुद्द्यात त्याच बाजूची भर घालतो. इथे आधी वर्गणी काढणारी समिती आणि पुढे तिला विरोध करणारे काका, बाजूच बदलली. १९९४ सालाचं काय करायचं, हा प्रश्न उरला. पहिल्या वाक्यात ते तक्रारीला जोडलेलं नव्हतं. उलट ‘इमारतच जुनी’ म्हणायला ठेकेदाराला आयतं निमित्त. मग ते त्याचं निमित्त खोडायच्या जागी नेलं. अर्ज असा झाला:

‘गेल्या उन्हाळ्यात गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून घेतले. तरीही या पावसाळ्यात वरच्या दोन घरांत पाणी आले. ठेकेदाराने कामाची पाच वर्षांची लेखी हमी दिली आहे. इमारत १९९४ची आहे, हे त्याला काम घेतानाच माहीत होते. सबब दुरुस्ती त्याच्याकडून हमीत करून घ्यावी आणि सभासदांकडून मागितलेली वर्गणी रद्द करावी.’

वाक्यं जोडणारे शब्द दोनच उरले, ‘तरीही’ आणि ‘सबब’. मधली दोन वाक्यं नुसती शेजारी उभी आहेत आणि ‘सबब’ त्या सगळ्यांचा भार घेतो, त्यामुळे तो शेवटी एकदाच यायला हवा होता.

काकांनी अर्ज दोनदा वाचला. मुद्दा आता नीट दिसतोय हे त्यांना पटलं. कागद खिशात घालताना म्हणाले, ‘‘चांगलं झालंय गं, पण अर्जासारखं वाटत नाही. एखादं तथापि टाक ना कुठेतरी.’’