नोकरी लागल्याची पोस्ट लिहिताय? आधी एवढं वाचा

स्पर्धा परीक्षांचे निकाल लागले की फेसबुकवर एकसारख्या पोस्टी दिसू लागतात. 'अखेर कष्टाचं चीज झालं. आई-वडिलांचे आशीर्वाद, गुरुजनांचं मार्गदर्शन आणि मित्रपरिवाराची साथ यामुळेच हे शक्य झालं.' लिहिणाऱ्याच्या मनात खरीखुरी कृतज्ञता असते, यात मला शंका नाही. पण ती वाचणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही, कारण यातलं एकही वाक्य कुणा एका माणसाबद्दल नसतं. माणसं अशी धूसर राहिली की पोस्टमध्ये ठळक एकच उरतो, तो म्हणजे लिहिणारा. मग मनात नसतानाही ती पोस्ट बढाईची वाटते.

समजा, एका मुलाची एमपीएससीमार्फत लिपिक-टंकलेखक पदासाठी निवड झाली आहे. त्याने पोस्ट कशी लिहावी?

पहिला प्रश्न कधी लिहावी हा. तात्पुरत्या गुणवत्ता यादीत नाव दिसलं की लगेच लिहायचा मोह होतो, पण ती यादी म्हणजे नोकरी नव्हे. त्यानंतर पसंतीक्रम आणि भरतीतून बाहेर पडण्याचे विकल्प येतात आणि यादी वरखाली होते. आयोग फक्त शिफारस करतो, नियुक्ती संबंधित विभाग देतो. त्याआधी कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी, राखीव जागा असेल तर जात वैधता, असे टप्पे असतात. ही वाट कधीकधी बरीच लांबते. तेवढ्यात गावात फ्लेक्स लागलेला असतो आणि भेटेल तो 'रुजू झालास का?' असं विचारत असतो. म्हणून घरच्यांना यादीच्या दिवशी सांगावं आणि जाहीर पोस्ट रुजू झाल्यावर लिहावी. अगदीच राहवत नसेल तर 'आयोगाकडून शिफारस झाली आहे, नियुक्ती बाकी आहे' इतकं नेमकं लिहावं. खासगी नोकरीतही ऑफर लेटर आलं म्हणून लिहू नये. जुन्या कंपनीने मोकळं केलेलं नसतं, नव्या कंपनीची पडताळणी चालू असते.

सुरुवात साध्या माहितीने करावी. 'कृषी विभागात लिपिक-टंकलेखक म्हणून सोमवारी रुजू झालो.' पद काय आणि कधीपासून, हे एका वाक्यात सांगून मोकळं व्हावं. 'अखेर', 'स्वप्न साकार', 'संघर्षाचा विजय' हे शब्द गाळले तर काहीही कमी होत नाही. पदाचं नावही आहे तेच लिहावं. लिपिकाची निवड झाल्यावर 'अधिकारी' लिहिलेलं त्याच खात्यातल्या लोकांना पहिल्या वाचनात खटकतं.

खरी मेहनत आभारांवर घ्यायची. प्रत्येक माणसाबद्दल तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. त्याने नेमकं काय केलं? कधी केलं? ते झालं नसतं तर काय अडलं असतं? उत्तर सापडलं की वाक्य आपोआप तयार होतं. 'मित्रांची साथ मिळाली' याऐवजी असं लिहिता येतं: 'मराठी टंकलेखनाला मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो आणि मी २२च्या पुढे जात नव्हतो. अभ्यासिकेतला मित्र रोज रात्री घड्याळ लावून शेजारी बसायचा आणि चुका लाल पेनाने दाखवायचा. कौशल्य चाचणी त्याच्यामुळे पार पडली.' इथे लिहिणाऱ्याचा कच्चेपणा लपलेला नाही आणि श्रेय योग्य जागी गेलं आहे. 'ताईचा आधार होता' या जागी 'दोन वर्षं मेसचे पैसे ताईने भरले, आणि निकाल लागेपर्यंत एकदाही अभ्यासाचा विषय काढला नाही' हे चालेल. एक वाक्य खरं आहे की ठोकळेबाज, हे तपासायला त्यातलं नाव बदलून पाहावं. दुसऱ्या कुणाचंही नाव बसत असेल तर ते वाक्य अजून लिहून झालेलं नाही.

अशी माणसं तीन-चारच घ्यावीत. पंचवीस जणांना टॅग केलं की कुणालाच आपलं नाव आल्याचं वाटत नाही. बाकीच्यांना फोन करावा, तो जास्त पोहोचतो. हटकून राहून जातात ती माणसं मात्र आठवून पाहावीत: अभ्यासिका पहाटे उघडणारे काका, झेरॉक्सवाला, नॉन-क्रीमीलेअरच्या दाखल्यासाठी कुठे जायचं हे नीट सांगणारा सेतू केंद्रातला माणूस.

प्रकाशित करण्याआधी त्या माणसांना त्यांच्याबद्दलचा मजकूर दाखवावा. ताईने पैसे दिल्याचं तिच्या सासरी माहीत नसेल. वडिलांना त्यांच्या कर्जाचा उल्लेख नको असेल. आई-वडिलांच्या गरिबीचं सविस्तर वर्णन आणि त्याखाली आपली निवड, ही रचना तर मी पूर्ण टाळावी असंच म्हणेन. ते कृतज्ञतेचं दिसतं, पण त्यात त्यांचं आयुष्य आपल्या यशाची पार्श्वभूमी होऊन बसतं. त्यांनी काय केलं ते लिहावं, त्यांच्याकडे काय नव्हतं ते नको.

सर्वांत जपून लिहायचं ते सोबत अभ्यास केलेल्या आणि यादीत न आलेल्यांबद्दल. ते ही पोस्ट नक्की वाचतात. एकेका गुणावर नावं राहतात, हे निवड झालेल्यालाही ठाऊक असतं. अशा वेळी 'प्रामाणिक मेहनत केली की यश मिळतंच' हे वाक्य त्यांना 'तुमची मेहनत प्रामाणिक नव्हती' असं ऐकू येतं. ते काढूनच टाकावं. घड्याळ लावून बसणारा मित्र स्वतः राहिला असेल तर त्याला टॅग करण्याआधी विचारावं, आणि 'तोही लवकरच होणार' असलं भविष्य लिहू नये. त्याने केलेलं काम सांगितलं की पुरे.

आता क्लासबद्दल. निकालानंतर क्लासवाले फोटो मागतात, सत्कार करतात, आणि पोस्टमध्ये आपलं नाव यावं अशी त्यांची अपेक्षा असते. क्लासने खरंच शिकवलं असेल तर जरूर लिहावं, पण किती शिकवलं तेही लिहावं: 'गणित आणि बुद्धिमत्तेसाठी चार महिन्यांची बॅच केली' किंवा 'फक्त सराव परीक्षा दिल्या'. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार यशस्वी उमेदवाराचं नाव किंवा फोटो वापरायला निवडीनंतर घेतलेली त्याची लेखी संमती लागते, आणि त्याने कोणता अभ्यासक्रम किती काळ केला हेही सांगावं लागतं. पोस्टमध्ये 'संपूर्ण श्रेय अमुक क्लासला' असं लिहिलं की पुढच्या वर्षी कुणीतरी त्या एका ओळीवर हजारो रुपये भरतो. म्हणून एकाच उमेदवाराचा फोटो चार क्लासच्या फ्लेक्सवर दिसत असेल, तर नेमकं काय कुठे केलं हे उमेदवारानेच लिहिलेलं बरं.

फोटोचं थोडक्यात. नियुक्ती आदेश आणि ओळखपत्र यांचा फोटो टाकू नये. त्यावर पत्ता, जन्मतारीख, सह्या, क्यूआर कोड असतात, आणि बनावट आदेश तयार करणाऱ्यांना आयता नमुना मिळतो. शासकीय नोकरीत आणखी एक मुद्दा आहे. जुलै २०२५मध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबाबत सूचना काढल्या. वैयक्तिक खात्यावर फोटो किंवा रील टाकताना पदनाम, बोधचिन्ह, गणवेश, शासकीय वाहन आणि इमारत यांचा वापर टाळावा, असं त्यात आहे. म्हणजे कार्यालयाच्या पाटीखाली उभं राहून काढलेला फोटो घरच्या ग्रुपवर ठेवावा. पोस्टला आईसोबतचा किंवा अभ्यासिकेतल्या टेबलाचा फोटो छान दिसतो.

पोस्ट टाकल्यावर दोन दिवस कमेंटकडे लक्ष ठेवावं. 'पार्टी कधी?' ला एक शब्द पुरतो, पण कुणी विचारलं की टंकलेखनाचा सराव कशावर केला किंवा कागदपत्रं कोणती लागली, तर तिथे सविस्तर उत्तर द्यावं.